पाणी पिऊनही न हलणारा आकडा

लघवीची बाटली हातात धरून लॅबच्या रांगेत उभं राहायची माझ्या नवऱ्याला लाज वाटत होती, म्हणून मी उभी राहिले. स्वतः ते बाहेर रस्त्यावर टँकरच्या केबिनमध्ये बसले आणि अधूनमधून हॉर्न वाजवत राहिले, जणू उशीर मीच लावत होते. गारखेड्यातली ती लॅब म्हणजे एका घराचा पुढचा गाळा. काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठी वाचली, माझ्याकडं बघितलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लघवी तुमची का मिस्टरांची?" मी शाळेत शिकवत होते. रांगेत माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आई उभी होती. "मिस्टरांची," मी म्हटलं, "आणि मिस्टर बाहेर हॉर्न वाजवायलेत. ऐकू येतंय ना?"

आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा, खोटं कशाला बोलू, नुसता संताप यायचा. एका माणसाला एक बाटली भरून द्यायची होती. एवढंच. आणि त्यासाठी त्यांनी मला जेवढं छळलं तेवढं पोरांनी लहानपणी सगळं मिळून छळलं नसेल.

दुष्काळाची वर्षं होती ती. जायकवाडीत गाळ दिसायला लागला होता. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. आणि अशातच आमचं शहर मात्र वाढत सुटलं होतं. बीड बायपासच्या दोन्ही अंगांना इमारतींवर इमारती उभ्या राहायल्या होत्या. पाइपलाइन पोचायच्या आधी फ्लॅट पोचायचे, फ्लॅटमध्ये माणसं पोचायची, आणि मग माणसांच्या मागं आमचा टँकर. नवरा आधी वाळूजला कंपनीत होता. ती नोकरी सोडून त्यांनी टँकर घेतला तेव्हा मी डोक्याला हात लावला होता, पण त्या वर्षांत त्यांना बसायला फुरसत नव्हती. दिवसभर क्लच दाबून गुडघा धरायचा, की खिशातून वेदनाशामक गोळी काढून तोंडात टाकायची, वरून गोड चहा. शुगर असल्याचं निघून बरीच वर्षं झाली होती. "कंट्रोलमध्ये आहे," असं ते सगळ्यांना सांगायचे. कुणाच्या कंट्रोलमध्ये, ते कधी सांगितलं नाही.

त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट इथं सांगायलाच पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. दौलताबादच्या बाजूला एका शेतात विहीर होती, तिचं पाणी गोड. ती तळाला जायला लागली तसं ते अर्धा टँकर तिथं भरायचे आणि उरलेला अर्धा एका बोअरवर. त्या बोअरचं पाणी इतकं मचूळ की त्यात साबणाला फेस येत नसे. दोन्ही एकत्र झालं की तक्रार यायची नाही. "मिसळलं की कुणाला काय कळतंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वापरायचंच पाणी होतं, प्यायला लोक जार घेत, त्यामुळं मीही फार बोलले नाही. पण मिसळलं की दोष मरतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्यांचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, सिल्लोडकडं गावी शेती बघायचे. त्यांनाही शुगर. माझा नवरा जितका गबाळा तितके दादा टापटिपीचे. गोळी वेळेवर, जेवण वेळेवर, वर्षाला एकदा तालुक्याला जाऊन रक्त-लघवीतली साखर तपासणार म्हणजे तपासणार. दरवर्षी सगळं ठीक. आणि एका वर्षी पायांवर सूज आली, धाप लागायला लागली, शहरात आणलं तर डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत, डायलिसिस. आमच्या सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. एवढं सगळं नीट करणाऱ्या माणसाचं हे होतं, तर काय बोलायचं?

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा दादा आणि माझ्या जाऊबाई गावाहून यायचे. नवरा टँकरच्या दोन खेपांमध्ये वेळ काढून त्यांना दवाखान्यात सोडायचा, आणायचा. तिथल्या किडनीच्या डॉक्टरांनी एकदा दादांना तपासता तपासता शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला सहज विचारलं, "तुम्हाला शुगर आहे का?"

"आहे की. पण माझं क्रिएटिनिन एकदम नॉर्मल. मागंच केलंय रक्त."

"आणि लघवीतलं एसीआर?"

"लघवी बी केलीय. अल्ब्युमिन निल."

डॉक्टर तरुण होते, पण वयानं मोठ्या माणसावरही चिडायला त्यांना वेळ लागत नसे, हे मला आवडायचं. ते म्हणाले, "ती पट्टी असते हो. पट्टी बुडवून रंग बघतात. थोडंथोडं अल्ब्युमिन गळत असेल तर पट्टीला ते दिसतच नाही. आणि रक्तातलं क्रिएटिनिन बरंच नुकसान होईपर्यंत गप्प बसतं. शुगर असलेल्या माणसाच्या गाळणीला भोकं पडायला लागली की पहिल्यांदा लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, यायला लागतं, थोडंसं. ना दुखत, ना खुपत. ते मोजायचं तर ही एसीआरची तपासणी. वर्षातून एकदा करायची. तुमची केलीय का कुणी?"

कुणीच केली नव्हती. चिठ्ठी मिळाली, आणि त्या चिठ्ठीपायी मी बाटली धरून उभी.

त्याआधी घरात ती बाटली भरून घेण्यातच माझी सकाळ गेली होती. सकाळची पहिली लघवी चांगली, असं सांगितलेलं. तर साहेब म्हणाले, "विसरलो, झाली." दुसऱ्या सकाळीही विसरले. तिसऱ्या सकाळी मी बाटली संडासाच्या कडीला सुतळीनं बांधून ठेवली. भरली एकदाची, तर लॅब उघडेपर्यंत ती फ्रिजमध्ये ठेवू देईनात. "दुधाशेजारी हे? काही लाज?" मग कुठं ठेवली असेल? टँकरच्या बॉनेटवर! उन्हाळ्यातलं आमच्याकडचं ऊन. ती बाटली मी तशीच ओतून दिली आणि म्हटलं, आता उद्या माझ्या डोळ्यांदेखत. जाऊबाई त्या दिवशी आमच्याकडंच होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुझ्या धीराला सलाम."

रिपोर्ट आला. एसीआर एकशे शहाऐंशी. तीसच्या आत असलं तर ठीक, तीस ते तीनशे म्हणजे गळती लागलीय, तीनशेच्या वर म्हणजे भारी गळती. डॉक्टरांनी हे समजावलं आणि लगेच म्हणाले, "एका आकड्यावर शिक्का मारत नाही मी. ताप असेल, लघवीत जंतू असतील, आदल्या दिवशी फार अंगमेहनत झाली असेल, शुगर-बीपी अचानक चढलं असेल, तरी हा आकडा चढतो. थोडे आठवडे जाऊ द्या, पुन्हा करू. तीनांतल्या दोन वेळा जास्त आला तर खरा धरायचा. तोवर ती गुडघ्याची गोळी बंद. ती मूत्रपिंडाला नडते."

"बघ," गाडीत बसताबसता नवरा मला म्हणाला, "डॉक्टरलाच खात्री नाय."

"अहो, त्यांनी पुन्हा करा म्हटलंय. खोटा आहे असं नाही म्हटलं."

"एकच झालं."

एकच कसं झालं? पण त्यांच्याशी वाद म्हणजे भिंतीशी बोलणं. भिंत निदान हॉर्न वाजवत नाही.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या रात्री मात्र त्यांचा नूरच वेगळा. "मी जातो, तू शाळेत जा," म्हणाले. मला वाटलं, आली अक्कल. पहाटे मी उठले तर स्वयंपाकघरात खुडबुड. बघते तर साहेब माठाशी उभे, तांब्यावर तांब्या रिचवतायत. मी म्हटलं, एवढी तहान? तर "उकडायलंय लई," म्हणाले. तो माठ मी आदल्या दिवशी जारच्या पाण्यानं भरला होता. शेजारची बाई भांडं घेऊन मागायला आली तरी मी त्यातलं मोजून देत होते. सकाळी चहाला बघते तर तळाला जेमतेम कपभर. पोरांच्या बाटल्या भरायच्या होत्या. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळी रिपोर्ट घेऊन आले ते लग्नातल्या नवरदेवासारखे. कागद माझ्यापुढं नाचवला. "बघ! अल्ब्युमिन चाळीसवर आलं! मागच्या वेळी दीडशेच्या घरात होतं. गेलं सगळं!"

मी कागद घेतला. तीन ओळी होत्या. पहिली अल्ब्युमिन, ती खरंच खाली आली होती. दुसरी लघवीतलं क्रिएटिनिन, तीही खूप खाली. तिसरी ओळ ठळक अक्षरांत, एसीआर. एकशे ब्याऐंशी.

"हे काय?" मी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"ती हिशोबाची ओळ हाय. वरची खरी."

डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी कागदाकडं एकदाच बघितलं आणि मान वर न करता विचारलं, "किती पाणी पिलात?"

नवरा भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागला. मी म्हटलं, "माठ."

"माठभर?" डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कशासाठी?"

तेव्हा बाहेर आलं. पाणी जास्त झालं की लघवी पातळ होते, पातळ झाली की अल्ब्युमिन पातळ होतं, मग आकडा खाली येतो. मचूळ पाण्यात गोड पाणी घालतात तसं. दोन तपासण्यांच्या मधल्या सगळ्या दिवसांत त्यांनी डोकं चालवून हा उपाय काढला होता. गुडघ्याची गोळी मात्र बंद केलेली नव्हती, तेही त्याच ओघात बाहेर आलं. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं, मला नाही, त्यांना.

डॉक्टर चिडले, पण त्यांनी समजावलंही. अल्ब्युमिन एकटं मोजलं असतं तर तुम्ही फसवलंही असतं, म्हणाले. कुणी पाणी कमी पितं, कुणी जास्त, म्हणूनच ते एकटं मोजत नाहीत. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि रोज साधारण सारख्याच मापानं लघवीतून बाहेर पडतं. पाणी जास्त झालं की दोन्ही पातळ होतात. एकाला दुसऱ्यानं भागलं की पाण्याचा प्रश्नच मिटतो. पूर्वी यासाठी पूर्ण दिवसाची लघवी डब्यात साठवायला लावायचे, आता एका बाटलीवर भागतं ते याच भागाकारामुळं.

नवऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मला राहवलं नाही. "अहो, ऐन वेळी पाहुणे आले की मी वरणात पाणी वाढवते ना? वरण पातळ होतं, मीठही पातळ होतं. पण डाळीला मीठ किती पडलंय ते बदलतं का? आधीच खारट केलं असेल तर डाळीच्या मानानं ते खारटच."

डॉक्टर म्हणाले, "बरोबर." नवरा म्हणाला, "तू डॉक्टर झालीस व्हय आता?"

डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. बीपीच्या लोकांना देतात तीच, पण ती गाळणीवरचा दाब कमी करते आणि गळती कमी होते. सोबत शुगर आणखी खाली आणायची, मीठ हात राखून. सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं. आणि शेवटी म्हणाले, "हा आकडा मूत्रपिंडाचाच नाही, हृदयाचाही इशारा असतो. अजून बरंच काही हातात आहे तुमच्या. भावाच्या वेळी नव्हतं."

गोळी आणली. डबी टीव्हीवर ठेवली. तिच्यावर धूळ बसली.

"माझं बीपी नॉर्मल हाय. बीपी नाय तर बीपीची गोळी कशाला?" हा एक दिवस. "गोळ्या खाऊनच दादाची किडनी गेली. एवढ्या टायमावर खायचा, काय झालं?" हा दुसरा दिवस. त्यांचा एक टँकरवाला दोस्त म्हणाला, लघवीला फेस येत नाही ना, मग काही नाही. झालं, तो तिसरा दिवस. मी रडले, ओरडले, बोलणं टाकलं. बोलणं टाकल्याचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. रात्री मी आढ्याकडं बघत पडून राहायचे, आणि मला डायलिसिसच्या त्या खोलीत दादांच्या शेजारचा पलंग दिसायचा. त्या पलंगावर कोण झोपलंय तेही दिसायचं. मला भीती वाटत होती, दुसरं काय? राग तर नुसता वरचा होता.

मग तो दिवस आला. दादा डायलिसिसवर होते. मशीन घरघरत होतं, जाऊबाई बाहेर बाकावर होत्या, आणि मी शाळा लवकर सुटली म्हणून दादांजवळ बसले होते. पाण्यासाठी त्यांची सगळ्यात जास्त तगमग. लघवी जवळजवळ बंद झालेली, मग प्यालेलं सगळं अंगात साठणार, फुप्फुसात उतरणार. म्हणून दिवसाला एक छोटी बाटली, आणि त्यातच चहा, त्यातच भाजीचा रस, त्यातच गोळी गिळायचं पाणी. आमच्या घरासमोर टँकर उभा असायचा आणि घरात हा माणूस जीभ ओली करायला बर्फाचा बारका खडा मागायचा. मी बघायचे आणि तोंड फिरवून घ्यायचे.

नवरा खेप टाकून आला, खांद्यावरच्या टॉवेलनं घाम पुसत. दादांनी विचारलं, "तुझं ते लघवीचं काय झालं रे?" आणि या माणसानं, माझ्या देखत, फुशारकीनं सांगायला सुरुवात केली. लॅबवाले लुटारू. मशीन बोगस. "अख्खा माठ पिलो दादा, नुसतं पाणी पाणी झालं, त्या दिवशी चारदा उतरावं लागलं केबिनमधून, तरी आकडा जागचा हलंना. आता दुसऱ्या लॅबला जायचं अन् दोन माठ प्यायचे!" आणि हसले.

दादा हसले नाहीत. एका हाताला सुया, तो हात हलवता येत नव्हता. दुसऱ्या हातानं त्यांनी पलंगाची कड धरली.

"काय पिलास?"

"पाणी."

"माठभर."

"व्हय."

"कशापायी?"

नवऱ्याला तेव्हा कळलं. खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

"मी इथं ओठ चाटून दिवस काढायलोय," दादा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी मान वळवली. "सपनात पाणी पितोय मी. विहिरीत तोंड घालून पितोय. अन् तू माठभर पाणी पिलास ते खोटं बोलायला? कुणाशी खोटं बोलायलास? त्या डॉक्टरला काय फरक पडतोय? त्याला पलंग भरायचाच हाय. ये, इथं बाजूला ये मग. दोघं भाऊ गप्पा मारू."

"दादा, तसं नाय..."

"मग कसं? भेव वाटतं म्हण ना! भेव वाटतं तर गोळी खा की. पाणी कशाला पितोस?"

सिस्टर आली, प्रेशर बघितलं, आम्हाला बाहेर काढलं. बाकावर जाऊबाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सरकून त्यांनी जागा केली. नवरा बसला नाही. जिन्याकडं गेला, परत आला, परत गेला. मग माझ्यापाशी येऊन हळू म्हणाला, "भेव वाटतं गं. खरंच लई वाटतं. दादाला पहिल्यांदा सुई लावली ना, तवापासून."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. एवढंच बोलायला माझा माठ रिकामा करायची काय गरज होती?

तिसऱ्या तपासणीलाही रांगेत ते स्वतः उभे राहिले, पण या वेळी डोकं न चालवता. बाटली रुमालात गुंडाळलेली, पण हातात. पाणी रोजच्यासारखं, जेवढी तहान तेवढं. आकडा आला एकशे नव्वद. म्हणजे माठभर पाण्यानं तेव्हाही काही झालं नव्हतं, आणि न पिऊन आताही काही बिघडलं नव्हतं. गळती मात्र खरी होती, तिसऱ्यांदा तेच सांगत होती. त्या रात्री त्यांनी टीव्हीवरची डबी पुसली आणि गोळी घेतली. दोन-तीन आठवड्यांनी रक्त दिलं, पोटॅशियम ठीक निघालं, क्रिएटिनिन किंचित वर. "एवढं चढलं तर चालतं, या गोळीनं होतं तसं," डॉक्टर म्हणाले, आणि मी त्याच क्षणी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, कारण त्यांचं तोंड उघडायच्या बेतात होतं. मिटलं. गुडघ्याला गोळीऐवजी शेक आणि मलम. चहा बिनसाखरेचा. त्यावर तोंड वाकडं करायचे, पण प्यायचे.

काही महिन्यांनी पुन्हा एसीआर केलं. अठ्ठ्याऐंशी. निम्म्याहून खाली.

डॉक्टर म्हणाले, अजून तीसच्या आत नाही, गोळी सोडायची नाही, पण गळती आवरायलीय. मी तिथंच खुर्चीवर बसून रडले, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. नवरा म्हणाला, "चल, दादाला सांगू." मला वाटलं, दादा खूश होतील. त्यांनीच तर धरून आणलं होतं याला वळणावर.

दादा मशीनवर होते. त्या महिन्यांत फार खंगले होते. नवऱ्यानं पलंगाजवळ वाकून सांगितलं, "दादा, एकशे नव्वदचा अठ्ठ्याऐंशी झाला. पाणी नाय पिलो."

दादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं," म्हणाले. बराच वेळ हात तसाच होता. मग त्यांनी मला विचारलं, कारण मी शिकलेली, "ही तपासणी माझी कधी करायची होती गं?"

मी डॉक्टरांकडून ऐकलेलं होतं. सांगू नये असं वाटलं. पण ते माझ्याकडं बघत होते, आणि त्या माणसाशी मला खोटं बोलता येईना. "शुगर निघाली तेव्हाच, दादा. आणि मग दरवर्षी."

त्यांनी मान हलवली.

"दरवर्षी लघवी तर दिली होती की मी," दादा म्हणाले. "बाटली भरून."